आंतरधर्मीय विवाह : थोरल्यांना लिहायच्या पत्रात काय असावे?

लग्नपत्रिका छापण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना पत्र लिहिण्याची पद्धत गोव्यात अजून पुरती मोडलेली नाही. मुलगी हिंदू आणि मुलगा ख्रिस्ती असला, किंवा याच्या उलट असले, तर त्या पत्राला वेगळेच वजन येते. आई-वडिलांनी संमती दिलेली असते. परंतु मूळ घरात राहणारे काका, आत्या आणि मामा यांच्यापर्यंत बातमी आडवाटेने पोचलेली असते. अशा वेळी आलेले पत्र ते दोनदा वाचतात. पहिल्यांदा मजकुरासाठी आणि दुसऱ्यांदा काय लपवले आहे ते शोधण्यासाठी. म्हणून त्यांना धीर द्यायचा असेल तर जे गैरसोयीचे आहे तेच आधी आणि स्पष्ट लिहावे लागते.

एक उदाहरण घेऊ. फोंडा तालुक्यातील एका हिंदू कुटुंबातील मुलीचे लग्न सासष्टीतील ख्रिस्ती मुलाशी ठरले आहे. मुलाकडच्यांची इच्छा चर्चमध्ये विवाह व्हावा अशी आहे आणि मुलीला ती मान्य आहे. मुलीच्या वडिलांना आपल्या थोरल्या काकांना लिहायचे आहे. देवघर काकांच्या हाती आहे आणि चवथीला सगळे घर त्यांच्याकडेच जमते. काका विरोधक नाहीत, ते धास्तावलेले आहेत. मुलीला बाप्तिस्मा घ्यावा लागेल का, मुले कोणत्या धर्मात वाढतील, ती चवथीला माटोळीखाली येऊन बसेल का आणि घराच्या वाटणीचे काय, हे त्यांचे चार प्रश्न. पत्राची रचना याच क्रमाने करावी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. कॅथलिक चर्चमध्ये विवाह होण्यासाठी बाप्तिस्मा न घेतलेल्या जोडीदाराला धर्मांतर करावे लागत नाही. त्यासाठी चर्चच्या अधिकाऱ्यांकडून आधी विशेष सूट मिळवावी लागते आणि तिचा अर्ज पाद्रींमार्फत जातो. ही सूट हाती येईपर्यंत तारीख पक्की कळवू नये, हे व्यावहारिक पथ्य.

दुसऱ्या प्रश्नापाशी बहुतेक पत्रे अडखळतात. 1983 च्या चर्च कायद्यानुसार ही सूट मिळण्यापूर्वी कॅथलिक जोडीदाराने, मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती त्या श्रद्धेत वाढावीत यासाठी आपल्याकडून होईल ते सर्व करीन, असे वचन द्यायचे असते. दुसऱ्या जोडीदाराकडून असे वचन घेतले जात नाही. मात्र त्या वचनाची पूर्ण कल्पना तिला दिली जाते. ‘मुले मोठी झाल्यावर ठरवतील’ एवढेच वाक्य लिहून हा भाग टाळला, तर तो काकांना दुसऱ्या कोणाकडून तरी कळतो आणि मग पत्रातील खरी वाक्येही खोटी ठरतात. मुलीने हे वचन ऐकले आहे, त्यावर दोघे बोलले आहेत आणि त्यांचे काय ठरले किंवा अजून ठरलेले नाही, हे जसे आहे तसे लिहावे.

‘लग्न दोन्ही पद्धतींनी होईल’ हे असेच आणखी एक फसवे आश्वासन. ऐकायला ते गोड वाटते. पण चर्चच्या नियमानुसार एकदा चर्चमध्ये विवाहाची संमती दिल्यावर, त्याच्या आधी किंवा नंतर, तीच संमती पुन्हा देणारा दुसरा धार्मिक विवाहविधी करता येत नाही. म्हणजे सकाळी चर्च आणि संध्याकाळी सप्तपदी असा बेत पाद्रींना न विचारता पत्रात लिहिला, तर ऐनवेळी तो मोडतो आणि दोष मुलाकडच्यांच्या माथी येतो. त्यापेक्षा लग्नानंतर मूळ घरी येऊन देवाला नारळ ठेवणे, वडीलधाऱ्यांना नमस्कार करणे आणि सर्वांनी एका पंगतीला बसणे, एवढे ठरवून तेवढेच लिहिणे शहाणपणाचे. काकांना लागलेली खरी ओढही मुलगी देवघराच्या उंबऱ्यावर येण्याची असते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच येते.

चौथा प्रश्न मालमत्तेचा. काका तो तोंडाने विचारणार नाहीत, पण मनात असतोच. गोव्यात विवाहाचा दिवाणी कायदा सर्व धर्मीयांना सारखाच आहे. दोघांनी निबंधकाच्या कार्यालयात जाऊन विवाहाचा इरादा नोंदवायचा असतो. यालाच लोक पहिली सही म्हणतात. लग्नापूर्वी वेगळा करार नोंदवला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे वडिलोपार्जित घरात मुलीला वाटा मिळाला तर पुढील व्यवहारात जावयाचीही सही लागते. हे ऐकून काका दचकतील. पण जावई हिंदू असता तरी हेच झाले असते. कुटुंबाला वेगळी व्यवस्था हवी असेल तर तसा करार लग्नाआधीच करावा लागतो, नंतर ती सोय राहत नाही. पत्रात यावर दोन-तीन वाक्ये पुरेत.

एवढे ठरल्यावर पत्राचा मुख्य भाग असा होऊ शकेल :

‘तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार. ही बातमी आपल्याला माझ्या तोंडून आधी कळायला हवी होती. उशीर झाला ही माझी चूक. मुलीचे लग्न चर्चमध्ये होईल. ती धर्म बदलणार नाही आणि तशी अट कोणी घातलेली नाही. मुलांचा बाप्तिस्मा व्हावा यासाठी प्रयत्न करण्याचे वचन जावयांना द्यावे लागेल. ते तिला ठाऊक आहे आणि तिने ते स्वीकारले आहे. मला ते जड गेले, हे आपल्यापासून लपवत नाही. सप्तपदी होणार नाही. पण दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन मी घरी येईन. देवापुढे नारळ आपल्याच हातून ठेवला जावा, अशी तिची इच्छा आहे. त्या दिवशीचा स्वयंपाक आपल्या घरच्या रीतीप्रमाणे शाकाहारीच असेल. चवथीला ती नेहमीप्रमाणे येईल आणि जावईही येऊ इच्छितात. त्यांनी आरतीच्या वेळी कुठे बसावे, हे आपण सांगाल तसे.’

या पत्रात ‘काळ बदलला आहे’ किंवा ‘सगळे धर्म एकच’ अशी वाक्ये नाहीत. अशा वाक्यांनी काकांच्या हाती वादाचा मुद्दा जातो. वरच्या मजकुरात त्यांना एक काम आणि एक निर्णय दिलेला आहे. नारळ त्यांनी ठेवायचा आणि बसण्याची जागा त्यांनी ठरवायची. मात्र ज्यावर त्यांचा अधिकार नाही, म्हणजे लग्न व्हावे की नाही, त्याबद्दल परवानगी मागू नये. मागितली आणि नकार आला तर तो झुगारावा लागतो आणि तो अपमान वर्षानुवर्षे राहतो.

तारखेचाही विचार हवा. ख्रिस्ती कुटुंबे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आणि नाताळाआधीच्या आठवड्यांत सहसा लग्न ठेवत नाहीत, तर हिंदू घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. नाताळ उलटल्यापासून उपवासकाळ सुरू होईपर्यंतच्या आठवड्यांत दोन्हीकडे चालणारी तारीख सापडू शकते, आणि तारीख अशी पाहून निवडली हे पत्रात एका ओळीत कळवले तर काकांना त्यांची रीतही विचारात घेतल्याचे दिसते.

पत्र पोचल्यावर उत्तर कसे येते त्यावरून पुढचे समजते. काकांनी नाराजी लिहूनही ‘पंगतीला किती माणसे?’ असे विचारले, तर दार उघडे आहे. काहीच उत्तर आले नाही, तर दुसरे पत्र लिहू नये. वडिलांनी स्वतः मूळ घरी जाऊन बसावे, आणि पहिल्या खेपेला मुलीला सोबत नेऊ नये. काकांना जे बोलायचे आहे ते तिच्यासमोर बोलले गेले, तर नंतर मागे घेणे त्यांनाच कठीण जाते.