पहिला सहा कधी पडेल?

वहीच्या पानाचा फोटो, त्यात पेनाने लिहिलेला प्रश्न: ‘सहा पडेपर्यंत फासा टाकत राहिलो, तर पहिला सहा तिसऱ्या खेपेस पडण्याची शक्यता किती?’ यासाठी पहिल्या दोन्ही खेपा वाया जायला हव्यात. म्हणून ५/६ × ५/६ × १/६, म्हणजे २५/२१६, साधारण १२ टक्के. पुढच्या प्रत्येक खेपेसाठी आणखी एकदा ५/६ ने गुणायचे. हेच भूमितीय वितरण.

‘तिसऱ्या खेपेस’ आणि ‘तिसऱ्या खेपेपर्यंत’ यांत मात्र बरेच जण गल्लत करतात. दुसऱ्याचे उत्तर १ − १२५/२१६, म्हणजे ४२ टक्के.

सहा पडायला सरासरी ६ खेपा लागतात. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे: सहाही खेपा कोरड्या जाण्याची शक्यता तब्बल ३३ टक्के आहे. उलट, निम्म्याहून अधिक वेळा चार खेपांतच काम होते. थोड्या लांबलेल्या डावांमुळे सरासरी वर चढते. लुडोत सोंगटी अडकली की ‘आता तरी पडेलच’ म्हणतात. फाशाला मागचे काही आठवत नाही. दहा खेपा फुकट गेल्यावरही अकरावीत सहा पडण्याची शक्यता १/६ च असते आणि पुढची सरासरी प्रतीक्षा पुन्हा ६ खेपांचीच.