साडेनऊच्या आत बाणेर

पुण्याच्या मार्केट यार्डातून किराणा आणि भाजी भरून एक टेम्पो सकाळी सात वाजता निघतो असं समजा. चार ठिकाणी माल उतरवायचा आहे. शिवाजीनगरची मेस ८ ते ८.३० मध्येच माल घेते, औंधचं दुकान ८.३० ते १०, बाणेरचं हॉटेल ९ ते ९.३० आणि कोथरूडचं कँटीन १०.३० ते ११. टेम्पो ११.३० पर्यंत परत हवा, कारण दुपारची फेरी त्याचीच. हा मार्ग जमतो का, हे अंदाजाने सांगण्यापेक्षा कागदावर पाहिलेलं बरं. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रत्येक थांब्यासाठी तीन वेळा लिहायच्या: पोचण्याची, थांबण्याची आणि माल उतरवायला सुरुवात करण्याची. शिवाजीनगरला २५ मिनिटं लागतात, म्हणजे टेम्पो ७.२५ ला दारात. मेस आठला उघडते, म्हणून ३५ मिनिटं थांबायचं. सुरुवात ८ वाजता, उतरवायला १५ मिनिटं, ८.१५ ला निघायचं. औंध २५ मिनिटांवर, ८.४० ला पोच. दुकान उघडं आहे, थांबणं नाही. तिथे २० मिनिटं, ९ ला निघून १५ मिनिटांत बाणेर, ९.१५. तिथलं काम १० मिनिटांचं. ९.२५ ला निघून अर्ध्या तासाने, ९.५५ ला कोथरूड. पुन्हा ३५ मिनिटं दारात. १०.३० ला सुरुवात, १५ मिनिटांत मोकळं, आणि अर्ध्या तासाने, ११.१५ ला यार्डात. मार्ग जमतो.

नियम एकच. पोचण्याची वेळ आणि दार उघडण्याची वेळ, यातली जी उशिराची ती सुरुवातीची वेळ. एक्सेलमध्ये B2 मध्ये पोच आणि C2 मध्ये दार उघडण्याची वेळ असेल तर:

```
=MAX(B2,C2)
```

ही सुरुवात दार बंद होण्याच्या वेळेपुढे गेली की मार्ग बाद. पुढच्या थांब्याची पोच मोजताना याच सुरुवातीत उतरवण्याचा आणि प्रवासाचा वेळ मिळवायचा. इथेच बरेच जण चुकतात आणि पोचण्याच्या वेळेतच मिळवत जातात. तसं केलं तर आपला टेम्पो कागदावर १०.०५ लाच परत येतो! दारात गेलेली ७० मिनिटं हिशेबातून गायब, आणि दुपारच्या गिऱ्हाइकाला भलताच शब्द दिला जातो.

आता हाच हिशेब उलटा, शेवटाकडून मांडा. ११.३० ला परत यायचं तर कोथरूडची सुरुवात उशिरात उशिरा १०.४५ ला व्हायला हवी. कँटीन अकरापर्यंत घेतं, पण आपल्याला त्याचा उपयोग नाही. बाणेरची मर्यादा ९.३० च राहते. त्यामुळे औंधला ८.५५ च्या आत सुरुवात हवी. दुकानदार बिचारा दहापर्यंत वाट पाहायला तयार आहे, आणि तरी तिथे ८.५६ ला सुरुवात झाली की बाणेरचं दार बंद. मार्गाची खरी अडचण औंधच्या वेळेत दिसतच नाही, ती बाणेरमुळे येते. शिवाजीनगरची मर्यादा ८.१५ आणि यार्डातून निघण्याची ७.५०.

या आकड्यांचा फायदा नवी ऑर्डर आली की कळतो. मारियस सॉलोमन यांनी १९८७ साली मार्ग आखण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांत हीच युक्ती आहे: नवं गिऱ्हाईक मध्ये घातल्यावर पुढच्यांची सुरुवात किती ढकलली जाते, तेवढंच बघायचं. औंध आणि बाणेरच्या मध्ये १५ मिनिटांपेक्षा जास्त धक्का बसला की नकार द्यायचा, पुढचं मोजायचीही गरज नाही. बाणेरनंतर बावधन घेतलं आणि वळसा १० मिनिटांचा, उतरवणं १५ चं, तर धक्का २५ मिनिटांचा. कोथरूडला ३५ मिनिटं थांबायचंच होतं, तो त्यातच जिरतो. कँटीनची सुरुवात १०.३० लाच. बावधनची स्वतःची वेळ मात्र वेगळी तपासावी लागते.

निघण्याचं काय? ७.३५ पर्यंत निघालात तरी एकाही सुरुवातीत फरक पडत नाही, फक्त मेसच्या दारातलं थांबणं कमी होतं. पण ७.५० ही मर्यादा कागदावरची आहे. शिवाजीनगरहून औंधला जाताना विद्यापीठ चौक लागतो, आणि सव्वाआठला धरलेली २५ मिनिटं साडेआठला तेवढीच राहतील याची हमी नाही. माझ्या मते ७.२० ला निघावं: दारात १५ मिनिटं थांबावं लागेल, पण गाडी भरायला उशीर झाला तर तेवढी सोय राहील.

आणि एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच विचारून घ्या: ९.३० म्हणजे तोवर माल उतरवायला घ्यायचा, की तोवर उतरून झालेला हवा? दुसरं असेल तर बाणेरची मर्यादा ९.२० होते आणि हाताशी १५ ऐवजी फक्त ५ मिनिटं राहतात.