‘इट’ म्हणजे नेमकं काय? थाई भाषांतराआधीची इंग्रजी दुरुस्ती

एखाद्या यंत्राची इंग्रजी माहितीपुस्तिका थाई भाषांतरकाराकडे पाठवण्याआधी तिच्यात काय दुरुस्त करायचं? बरेच जण अवघड शब्द शोधायला लागतात. मला विचाराल तर जास्त घोळ ‘इट’सारखे साधे शब्द घालतात.

हे वाक्य ऐका: ‘डिस्कनेक्ट द होज फ्रॉम द पंप अँड क्लीन इट.’ आता स्वच्छ काय करायचं, नळी की पंप? मराठीत सांगायला गेलात की तुम्ही लगेच अडता, कारण ‘ती’ म्हटलं तर नळी आणि ‘तो’ म्हटलं तर पंप. थाईत नामांना लिंग नाही. ‘इट’साठी ‘मन’ असा एक शब्द आहे, पण तो बोलण्यातला, लेखी सूचनांत सहसा टाळतात. मग भाषांतरकार सर्वनाम गाळतो किंवा अंदाजाने एक नाम लिहितो. अंदाज चुकला तर वाचणाऱ्याला कळायला मार्गच नाही, कारण थाई वाक्य अगदी व्यवस्थित दिसतं!

दुसरं उदाहरण, ‘रिमूव्ह द फिल्टर्स फ्रॉम द ट्रे अँड वॉश देम.’ इथे ‘देम’ अनेकवचनी, म्हणून फिल्टर धुवायचे हे इंग्रजीत कळतं. थाईत अनेकवचनासाठी नामाचं रूप बदलत नाही, त्यामुळे ही खूण सहज पुसली जाते. उपाय साधा: ‘वॉश द फिल्टर्स’ असं नामच पुन्हा लिहा. पुनरुक्ती टाळा, हा शाळेतला धडा इथे विसरायचा.

आता लांब वाक्यं. थाईत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि सहसा पूर्णविरामही देत नाहीत. वाक्य किंवा उपवाक्य संपलं की थोडी मोकळी जागा, बस्स. समजा मूळ वाक्य असं आहे: ‘नळीत दाब उरलेला असू शकत असल्याने, व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबल्यावरच, ती पंपापासून काढून स्वच्छ करावी.’ त्याचे तुकडे करू. ‘नळीत दाब उरलेला असू शकतो. व्हॉल्व्ह बंद करा. दहा मिनिटं थांबा. नळी पंपापासून काढा. नळी स्वच्छ करा.’ सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश या प्रमाणभाषेत कृतीच्या वाक्याला 20 शब्दांची मर्यादा आहे. पण नुसते तुकडे पाडू नका. दहा मिनिटं थांबायचं ते दाबामुळे, हे कारण त्यात हरवलं तर ‘दाब उतरेपर्यंत’ असं स्पष्ट लिहा.

वाक्प्रचारांचं थोडक्यात सांगतो. ‘ॲज अ रूल ऑफ थंब, सहा महिन्यांनी तेल बदला.’ यातला अंगठा काढणं सोपं आहे हो! पण बदलायलाच हवं, की साधारण तेवढ्याने बदललं तरी चालेल? हे लेखकानेही ठरवलेलं नसतं.

म्हणून फाइल पाठवण्याआधी ‘इट’, ‘देम’, ‘धिस’ शोधून प्रत्येक ठिकाणी नाम घालून बघा. जिथे तुम्हालाच कोणतं नाम ते सांगता येत नाही, तो प्रश्न यंत्र बनवणाऱ्या इंजिनिअरकडे न्यायचा. बँकॉकमध्ये बसलेल्या भाषांतरकाराकडे त्याचं उत्तर नसतं.