क्लॅम्प १८ जूनला, मुदत ३० जूनला

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सत्रातली इंटर्नशिप तारखेला बांधलेली असते, पण कारखान्यातली कामं त्या तारखेकडे बघून होत नाहीत. मग जूनच्या सुरुवातीला प्रश्न पडतो : आणखी एक महिना मागायचा कसा?

समजा, चाकणमधल्या पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एक विद्यार्थिनी १ जानेवारीपासून इंटर्न आहे. पॉवर प्रेसवर डाय बदलायला सरासरी ५२ मिनिटं लागतात, तो वेळ ३० मिनिटांच्या आत आणायचा हा तिचा प्रोजेक्ट. जुन्या पद्धतीची मोजणी तिनं घड्याळ लावून पूर्ण केली. पटकन आवळता येणाऱ्या क्लॅम्पचं डिझाइन मंजूर झालं. पण प्रेसच्या बेडवरच्या टी-स्लॉटमध्ये ते नीट बसेनात, म्हणून टूलरूमला परत गेले. आता ते १८ जूनला मिळणार आहेत आणि मुदत ३० जूनला संपते.

या प्रेसवर साधारण एक दिवसाआड डाय बदलते. म्हणजे जूनअखेर नव्या क्लॅम्पच्या जेमतेम पाच-सहा नोंदी मिळतील, आणि त्याही फसव्या. सुरुवातीला ऑपरेटरचा हात बसलेला नसतो, म्हणून वेळ जास्त लागतो. कधी उलट होतं. शेजारी कुणी मोजत उभं आहे म्हटल्यावर काम भरभर होतं. शिवाय रात्रपाळीचं चित्र वेगळं असतं. जुलैमध्ये आणखी बारा-तेरा वेळा डाय बदलेल, तिन्ही पाळ्यांच्या नोंदी मिळतील आणि सुरुवातीच्या नोंदी बाजूला काढूनही सरासरी सांगता येईल. एक महिनाच का, याचं उत्तर इथं आहे आणि पत्राचा गाभाही हाच.

बहुतेक पत्रांत मात्र हे येतच नाही. ‘प्रोजेक्ट अपूर्ण असल्याने मुदत वाढवून द्यावी’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यापुढे कंपनीत किती शिकायला मिळालं याचे दोन परिच्छेद. वाचणाऱ्या एचआर अधिकाऱ्याला त्यावरून काही ठरवता येत नाही. किती काम झालं, किती उरलं, उरलेल्याला नेमका एवढाच वेळ का लागेल, हे कळल्याशिवाय तो कशावर सही करणार? असे विनंतीअर्ज आता बहुधा ईमेलनं आणि इंग्रजीत जातात, पण मजकुराचा सांगाडा हाच हवा :

‘विषय : इंटर्नशिपची मुदत ३० जूनऐवजी ३१ जुलैपर्यंत वाढवून मिळण्याबाबत.

डाय बदलण्याचा वेळ कमी करण्याच्या प्रोजेक्टमध्ये जुन्या पद्धतीची मोजणी आणि क्लॅम्पचं डिझाइन पूर्ण झालं आहे. टी-स्लॉटच्या मापानुसार क्लॅम्पमध्ये बदल करावा लागल्यामुळे ते १८ जूनला उपलब्ध होतील. नव्या पद्धतीच्या तिन्ही पाळ्यांतील नोंदी घेण्यासाठी जुलै महिना लागेल. ३१ जुलैपर्यंत मी तुलनात्मक अहवाल आणि ऑपरेटरसाठी एक पानी कार्यपद्धती सादर करीन. प्रेस शॉपमधील माझ्या मार्गदर्शकांशी याबाबत बोलणं झालं असून त्यांची संमती आहे.’

उशीर का झाला हे या मजकुरात आहे, पण टूलरूमवर बोट ठेवलेलं नाही. त्याच माणसांबरोबर अजून महिनाभर काम करायचं आहे. कंपनीच्या हाती काय पडणार, तेही नेमकं सांगितलं आहे. ते एक पान शॉप फ्लोअरवर लागलं, तर इंटर्न गेल्यावरही उपयोगी पडेल.

संमतीचं शेवटचं वाक्य लिहिण्याआधी ते खरं करून घ्यायला हवं. प्रत्यक्ष काम बघणारे मार्गदर्शक ‘हो’ म्हणाले की एचआरचं काम सोपं होतं. त्यांना विषय पहिल्यांदा एचआरकडून कळला, तर पत्र अडकण्याची शक्यता वाढते. म्हणून आधी तोंडी बोलावं, मग ईमेल करावा आणि मार्गदर्शकांना त्याची प्रत ठेवावी. मुदतीआधी तीन आठवडे हातात असावेत, कारण गेट पास, अपघात विमा, विद्यावेतन आणि कँटीनची नोंद हे सगळं जुन्या तारखेपर्यंतच असतं. विद्यावेतनाबद्दल गप्प राहू नये; ‘वाढीव महिन्यासाठी सध्याच्याच अटी लागू राहतील का, हे कळवावं’ एवढं एक वाक्य पुरेसं आहे.

कॉलेजकडूनही ना-हरकत पत्र घ्यावं लागतं. तोंडी परीक्षा जुलैत असेल, तर रजेची तारीख पत्रातच सांगून टाकावी. मात्र कुणी १९६१ च्या कायद्याखाली नोंदणी झालेला शिकाऊ उमेदवार असेल, तर नुसत्या पत्रानं भागत नाही, कारण त्याचा करार नोंदलेला असतो. तिथं आधी कंपनीच्या प्रशिक्षण विभागाला विचारावं.

होकार आला तर तो नव्या तारखेसह लेखी घ्यावा आणि ३० जूनच्या आत गेट पास वाढला की नाही ते पाहावं. नकार आला, तर मार्गदर्शकांच्या परवानगीनं जुलैच्या नोंदी ऑपरेटरांनी एका साध्या तक्त्यात भराव्यात अशी व्यवस्था करता येते. त्या बाहेर न्यायला मात्र कंपनीची मंजुरी लागते. तीही मिळाली नाही, तर हातातल्या पाच-सहा नोंदींवर अहवाल द्यावा आणि त्या कोणत्या पाळीतल्या आहेत ते पहिल्याच पानावर लिहावं.