रेषा मोकळी, तरी लिंक अडते

नांदेड गोदाकाठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर. लातूर बालाघाटाच्या पठारावर, सहाशेच्या वर. सरळ अंतर ११५ किलोमीटरच्या आसपास. या दोघांत रेडिओ लिंक टाकायची तर लातूर उंच आहे म्हणजे तिथून नांदेड सहज दिसेल असे वाटते, पण मध्ये पृथ्वीच आडवी येते. एखाद्या ठिकाणापासून दोन्ही टोकांची अंतरे किलोमीटरमध्ये घ्यायची, त्यांचा गुणाकार करायचा आणि १७ने भागायचे, की तिथला पृथ्वीचा फुगवटा मीटरमध्ये मिळतो. लहरी हवेत थोड्या खाली वाकतात, ती सवलत या १७मध्ये धरलेली आहे. ११५ किलोमीटरच्या मध्यावर हा फुगवटा १९० मीटरच्या पुढे जातो. म्हणून लोहा, अहमदपूर अशा ठिकाणी टप्पे घेत जाणेच शहाणपणाचे.

एक टप्पा कागदावर मांडू, आकडे उदाहरणापुरते. अंतर ३० किलोमीटर, वारंवारता ७ गिगाहर्ट्झ. नांदेडकडची अँटेना ४०० मीटर उंचीवर, पठारावरची ५३०वर. पठाराची कड नांदेडपासून २४ किलोमीटरवर, तिथली जमीन ४९५ मीटर. दोन्ही अँटेनांना जोडणारी रेषा कडेवरून ५०४ मीटरवर जाते. फुगवटा साडेआठ मीटर, म्हणजे जमीन ५०३.५ धरायची. रेषा अर्ध्या मीटरने सुटली!

इथेच उतावळे लोक फाइल बंद करतात. रेडिओची ऊर्जा रेषेभोवतीच्या लांबट पोकळीतून जाते, तोच फ्रेनेल झोन. मध्यावर तो सर्वांत जाड, टोकांकडे निमुळता. कडेपाशी त्याची त्रिज्या सुमारे १४ मीटर येते आणि तिचा किमान ६० टक्के भाग, म्हणजे साडेआठ मीटर, मोकळा हवा. कडेवर सहा मीटरची झाडे असतील तर तीही मोजायची. आपल्याकडे आहे अर्धा मीटर. कमी पडतात १४.

आता कोणता टॉवर वाढवायचा? नांदेडची अँटेना मीटरभर वर नेली तर कडेवरची रेषा जेमतेम २० सेंटिमीटर उचलते. पठारावरची नेली तर ८०. म्हणून अडथळ्याजवळच्या टॉवरला साधारण १८ मीटर द्यायचे, किंवा तो टॉवर थेट कडेवरच उभारायचा. दुसरा उपाय मला अधिक पटतो, जागा मिळाली तर.

मार्गातल्या जमिनीचा छेद काढायला बहुतेक जण २०००च्या फेब्रुवारीत ‘एंडेव्हर’ यानाने मोजलेली उंची वापरतात. तिच्यात दहा-पंधरा मीटरची चूक निघू शकते, आणि नंतर वाढलेली झाडे किंवा इमारती तिच्यात नाहीत. सगळा मार्ग पायी तुडवायची गरज नाही. कडेवर मात्र जाऊन यावेच.

शिवाय काही रात्री हवेचे थर नेहमीपेक्षा वेगळे बसतात, लहरी वर वळतात आणि फुगवटा दुपटीवर जातो. त्या रात्रींपुरताच सिग्नल पडत असेल तर दोष हवेचा. पण तो दिवसरात्र हिशेबापेक्षा सहा डेसिबलच्या आसपास कमीच राहत असेल, आणि अँटेना नीट जुळवूनही हलत नसेल, तर रेषा कुठेतरी कडेला घासते आहे.