रेझ्युमे : तीन पानांचा दोन पानांत

 रेझ्युमेत सगळं लिहून झालं की तो हमखास तिसऱ्या पानावर सांडतो. मग फॉन्ट आठवर आणायचा, समास खेचायचे, असे प्रकार सुरू होतात. पानं दोन होतात, पण वाचणाऱ्याला अक्षर लागत नाही. कात्री मजकुरालाच लावायला हवी, आणि तीही क्रमाने : आधी काढणं, मग जोडणं, शेवटी आटवणं. उलट क्रमाने गेलात तर जे वाक्य तासभर घासलं, तेच नंतर उडवावं लागतं.

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातला, बारा वर्षांच्या अनुभवाचा क्वालिटी इंजिनिअर घ्या. तिसऱ्या पानावर ३४ ओळी आहेत. रेझ्युमेच्या सुरुवातीला ‘ऑब्जेक्टिव्ह’च्या ४ ओळी, तळाशी ‘वरील माहिती सत्य आहे’ या घोषणेच्या ठिकाण, तारीख, सहीसकट ५, आणि वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक, छंद यांच्या ९. खासगी कंपनीत मुलाखतीला बोलावताना यातलं काहीच लागत नाही. गेल्या १८. (सरकारी भरतीत विहित नमुना असेल तर मात्र यातलं काहीही काढू नका.)

आता जोडणं. त्याने एकाच कंपनीत आधी ट्रेनी, मग इंजिनिअर म्हणून काम केलं आणि दोन्हीकडे कंपनीची ओळख, तपासणीची कामं, ऑडिट हे सगळं पुन्हा लिहिलं. कंपनीचं नाव एकदाच द्या, खाली दोन्ही पदं आपापल्या तारखांसह ठेवा आणि कामांची यादी एकच करा. तारखा एकत्र केल्यात तर बढती दिसेनाशी होते, म्हणून त्या वेगळ्याच हव्यात. दहावी, बारावीचा तक्ता मोडून शिक्षण दोन ओळींत आणा. मिळून १० ओळी वाचल्या.

उरल्या ६. इथे शब्दांना हात घालायचा. त्याचं एक वाक्य असं होतं : ‘प्रेस शॉपमधील रिजेक्शनच्या समस्येचे विश्लेषण करून ती कमी करण्यासाठी आवश्यक उपाययोजना करण्याची जबाबदारी पार पाडली, त्यामुळे रिजेक्शन ४ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आले.’ ते असं झालं : ‘प्रेस शॉपमधले रिजेक्शन ४ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आणले.’ आकडा राहिला, जबाबदारीचं पाल्हाळ गेलं. ज्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत एक-दोनच शब्द लोंबताहेत, तो आधी धरा; तिथे एखादा शब्द कमी केला तरी अख्खी ओळ सुटते. जुन्या नोकऱ्यांपासून सुरुवात करा. सध्याच्या नोकरीतले आकडे शेवटपर्यंत राखा.

एवढं करूनही दोन-तीन ओळी उरल्या, तरच परिच्छेदांमधलं अंतर थोडं कमी करा. फॉन्ट दहाच्या खाली नको. पीडीएफ करून पानं मोजा, कारण दुसऱ्या संगणकावर वर्डची फाइल पुन्हा तिसऱ्या पानावर जाऊ शकते. तीन पानी मूळ प्रत वेगळ्या नावाने ठेवून द्या. आज काढलेली ओळ पुढच्या अर्जात नेमकी हवी असते.