हातमागाची पैठणी : छायाचित्रावरून पारख आणि किंमत

येवल्याची पैठणी अलीकडे पुष्कळदा केवळ छायाचित्र पाहून खरेदी केली जाते. हातमागाची म्हणून घेतलेली साडी यंत्रमागाची निघाल्यास ग्राहकाचे पैसे वाया जातात आणि विणकराची मजुरीही बुडते. समोरून दोन्ही साड्या सारख्याच देखण्या दिसतात. म्हणून पदराच्या व काठाच्या एकाच जागेची उलट व सुलट अशी जवळून घेतलेली छायाचित्रे विक्रेत्याकडून मागवावीत.

पदराची मागील बाजू

पारंपरिक पैठणीच्या पदरावर मोर किंवा कमळ विणताना प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र कांडी असते. रंगाचा धागा आकृतीच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि तेथूनच परत फिरतो. त्यामुळे मागील बाजूसही तीच नक्षी जवळजवळ तितकीच स्वच्छ उमटते. दोन मोर तंतोतंत एकसारखे नसतात. यंत्रमागावरील नक्षीचा जादा धागा मात्र पुढे धावत राहतो आणि नको तेथे मागे मोकळा सुटतो. असे धागे, ते कापल्यावर उरलेली कुसे किंवा त्यांवर लावलेली जाळी दिसल्यास ती वीण पारंपरिक नव्हे. तथापि हातमागालाही जकार्ड जोडता येतो व त्याच्या साडीमागेही असे धागे असतात. तेव्हा यावरून कांडीकाम झालेले नाही, एवढेच निश्चित होते. माग कोणता, हे ठरत नाही.

काठाचा जोड

पारंपरिक पैठणी तीन धोट्यांनी विणतात : दोन काठांसाठी दोन, अंगासाठी एक. अंगाचा आडवा धागा काठाच्या रेषेवर जरीच्या धाग्यात गुंतून मागे फिरतो. काठात मागील बाजूस अंगाच्या रंगाचे आडवे धागे दिसल्यास या पद्धतीने विणकाम झालेले नाही.

किंमतीचा हिशेब

उदाहरणादाखल, साध्या पदराच्या साडीस विणकराचे 12 दिवस लागले व रोजची मजुरी 500 रुपये धरली, तर मजुरी 6,000 रुपये होते. रेशीम व जर 4,000, रंगाई व ताणा तयार करणे 1,000 धरल्यास एकूण खर्च 11,000 होतो. विक्रेत्याचा चौथा हिस्सा, म्हणजे 2,750 रुपये, मिळविल्यास किंमत 13,750 रुपये ठरते. पदर भरगच्च असल्यास दिवस वाढतात व त्याच प्रमाणात मजुरीही. तेव्हा विक्रेत्यास प्रथम किती दिवस लागले, हे विचारावे. याच हिशेबात कोणी 3,000 रुपयांत हातविणीची पैठणी देऊ केली, तर त्यात सामग्रीचाही खर्च निघत नाही.

रेशीम शुद्ध आहे किंवा नाही, हे छायाचित्रावरून कळत नाही. सिल्क मार्क रेशमाची शुद्धता दर्शवितो, माग नव्हे. त्यासाठी 2006 साली सुरू झालेले हॅण्डलूम मार्कचे लेबल स्वतंत्रपणे पाहावे.